२३० × ४५० चा बीम: सेक्शन, कॉलआउट आणि रिंगची खरी कटिंग लेंथ

प्रश्न: डिप्लोमा झाल्यावर सहा महिने ड्राफ्टिंग करतोय. डिझायनरने कागदावर दिलंय: बीम बी१, २३० × ४५०, क्लिअर स्पॅन ४ मीटर, दोन्ही टोकं २३० च्या विटांच्या भिंतीवर, असे चार बीम. खाली ३ नग १६ चे, वर २ नग १२ चे. रिंग ८ ची, दोन्ही टोकांना १ मीटरपर्यंत १०० ला आणि मध्ये १५० ला. एम २५, फे ५००, कव्हर २५. याचं सेक्शन, कॉलआउट आणि बीबीएस कसं करायचं? रिंगची कटिंग लेंथ सूत्राने १२२४ आली, पण फिटर म्हणतो हूक पुरत नाही. कोण बरोबर?

फिटर बरोबर आहे. तुमच्या सूत्रातला घोटाळा पुढे आकड्यांनी दाखवते, पण आधी सेक्शन काढू. सेक्शन नीट काढलं की तो घोटाळा तिथेच डोळ्यांना दिसतो.

सेक्शन काढताना बहुतेक जण एक चौकट काढतात, आत दुसरी चौकट, चार कोपऱ्यांत चार ठिपके, की झालं. माझी पद्धत वेगळी आहे. ऑटोकॅडमध्ये मी सगळं खऱ्या मापात, मिलिमीटरमध्ये काढते, रिंगची जाडीसुद्धा. २३० × ४५० ची चौकट, तिला आत `OFFSET` 25, म्हणजे रिंगची बाहेरची कड. तिला आणखी आत `OFFSET` 8, म्हणजे रिंगची आतली कड. मग `FILLET` ने बाहेरच्या कोपऱ्यांना २४ आणि आतल्या कोपऱ्यांना १६ ची त्रिज्या. ८ ची सळई दोन व्यास आतल्या त्रिज्येने वाकते असं धरलं की हे आकडे येतात. गजांसाठी `DONUT`, आतला व्यास 0 आणि बाहेरचा 16 किंवा 12.

आता खालचा कोपऱ्यातला गज बसवून बघा. रिंगच्या दोन्ही बाजूंना एकदम टेकवायला गेलात तर तो रिंगच्या गोलाईवर चढतो. त्याला आत सरकवावं लागतं, दोन्हीकडून दोन-अडीच मिलिमीटर. साइटवरही नेमकं हेच होतं. इथे फरक किरकोळ आहे, पण ज्या बीममध्ये खाली पाच गज एका थरात कोंबलेले असतात, तिथे हेच चित्र सांगतं की काँक्रीट खाली उतरायला जागा उरणार की नाही. तुमच्या बीममध्ये रिंगच्या आत १६४ मिमी रुंदी आहे, त्यातून तीन गजांचे ४८ वजा केले तर ११६ उरतात, म्हणजे दोन गजांमध्ये साधारण ५८ चं अंतर. २० ची खडी आरामात उतरते. नियम असा की हे अंतर गजाच्या व्यासाहून कमी नको आणि खडीच्या मापात ५ मिळवून येईल त्याहूनही कमी नको.

सेक्शनमध्ये काँक्रीटचं हॅच घालू नका. बीमची बाहेरची रेघ बारीक, सळईची रेघ जाड आणि गज भरीव ठिपके. प्रिंट काढून हातात घेतल्यावर आधी लोखंड दिसलं पाहिजे, काँक्रीट नंतर.

आणि रिंगचा हूक काढायचाच. बंद चौकट काढून सोडलीत तर फिटर ती नव्वद अंशातच मुडपणार, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याला जे दाखवलं ते त्याने केलं. वरच्या एका कोपऱ्यात १२ च्या गजाभोवती दोन्ही टोकं वळवा आणि दोन्ही शेपट्या तिरप्या, बीमच्या पोटात शिरताना दाखवा. शेजारी `135° HOOK, 75 STRAIGHT` असं लिहा आणि हूक एका रिंगचा डावीकडे तर पुढच्या रिंगचा उजवीकडे येईल, ही टीपही द्या.

हूक खऱ्या मापात काढायला घेतलात की तुमच्या १२२४ चा निकाल लागतो. रिंग बाहेरून १८० × ४००, घेर ११६०. ही सळई कोपरा काटकोनात वळत नाही, गोल वळते. बाहेरच्या मापाने प्रत्येक कोपऱ्यावर २४ आणि २४ मिळून ४८ मोजले गेलेत, पण सळईच्या मध्यरेषेवर त्या वळणाची लांबी ३१.४ च आहे. म्हणजे एका कोपऱ्यामागे साडेसोळा मिमी वाचले, सूत्रातले २d ते हेच. तीन कोपऱ्यांचे मिळून पन्नास. इथपर्यंत सूत्र बरोबर आहे.

चौथ्या कोपऱ्यावर, जिथे रिंग मिटते, तिथे दोन टोकं आहेत आणि प्रत्येक टोक १३५ अंशांतून वळतं. त्या वळणाची लांबी ४७ मिमी. त्यातले २४ त्या बाजूच्या मापात आधीच धरलेत. म्हणजे प्रत्येक टोकाला वरचे २३ लागतात, दोन्ही मिळून ४६. लक्षात घ्या, इथे लांबी वाढते. प्रचलित सूत्र मात्र इथेही वजाबाकीच करतं:

```
L = 2(A+B) + 2×10d − 3×2d − 2×3d
  = 1160 + 160 − 48 − 48 = 1224
```

आता पन्नास वजा आणि शेचाळीस अधिक, म्हणजे वळणांचा हिशेब जवळजवळ फिटतो. ११६० चे ११५६ राहतात, आणि त्यावर दोन सरळ शेपट्या. तुमच्या १२२४ मधून ११५६ गेले तर ६८ उरतात, प्रत्येक शेपटीला ३४ मिमी. तुम्हाला वाटतंय की १०d म्हणजे ८० मिमीचा हूक दिला, आणि फिटरच्या हातात येतंय ते जेमतेम दोन बोटांचं टोक. आयएस ४५६:२००० मध्ये १३५ अंशाच्या वळणानंतर निदान ६d, म्हणजे ४८ मिमी सरळ भाग सांगितलाय. भूकंपासाठीच्या आयएस १३९२०:२०१६ मध्ये ६d, पण ६५ मिमीहून कमी नाही. तुमचा बीम भिंतींवरचा साधा आधाराचा आहे, त्यामुळे १३९२० त्याला थेट लागू होत नाही. तरी मी सगळीकडे ७५ च ठेवते, कारण एका इमारतीत दोन प्रकारचे हूक सांगितले की साइटवर आखूड तोच सगळीकडे पोचतो.

तर तुमची रिंग: ११५६ अधिक दोन वेळा ७५, म्हणजे १३०६. कापायला १३१० लिहा. फिटरची वाकवायची पिन बारीक असेल आणि वळण जास्त आवळलं जात असेल, तर ही लांबी दहा-पंधरा मिमीने कमी लागते. ती वाढ शेपटीत जाते, तिचं काही बिघडत नाही. मात्र ही सोय फक्त दोन १३५ अंशी हूक असलेल्या रिंगसाठी आहे. एका बाजूला ९० चा हूक असलेल्या टायला ती लावू नका, तिथे वळण पुन्हा मोजा.

कुणी म्हणेल, एका रिंगमागे ८६ मिमी लोखंड वाया कशाला घालवायचं? बाजारातली सळई १२ मीटरची. १३१० ने कापली तर नऊ रिंगा निघतात आणि २१० मिमीचा तुकडा उरतो. १२२४ ने कापली तरी नऊच निघतात, दहावीला २४० मिमी कमी पडतात, आणि जवळजवळ मीटरभराचा तुकडा भंगारात जातो. आखूड हूकने इथे एक सळईसुद्धा वाचत नाही.

आता मापं कुठून कुठे, हे ड्रॉइंगवर स्पष्ट लिहा. ही गोष्ट मी स्वतः चुकून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका बंगल्याच्या बीबीएसमध्ये मी रिंगचा आकार १८० × ४०० लिहिला, पण ते बाहेरून बाहेर आहे हे लिहिलं नाही. तिथल्या फिटरची सवय आतल्या मापाची. त्याने फळीवर पिना ठोकल्या त्या आतल्या मापाच्या, आणि सगळ्या रिंगा बाहेरून १९६ × ४१६ झाल्या. पिंजरा सेंट्रिंगमध्ये उतरवला तेव्हा २५ चे कव्हर ब्लॉक एका बाजूला शिरले की दुसऱ्या बाजूला जागाच उरेना. कव्हर १७ वर आलं होतं. दोन दिवसांचं काम उकलून पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून आकाराच्या रकान्याच्या डोक्यावरच मी `ALL DIMENSIONS OUT TO OUT` लिहिते आणि पहिली एक रिंग वाकवून झाली की टेपने मोजून घ्यायला सांगते: बाहेरून १८०, बाहेरून ४००, शेपटी ७५. ती बरोबर आली की मगच बाकीच्या कापायच्या.

कॉलआउटकडे वळू. प्रत्येक बाणाचं टोक गजाला टेकलेलं हवं, गजांच्या मधल्या मोकळ्या जागेत नको. तीन गजांना एकच लीडर चालेल, पण त्याच्या फांद्या तिन्ही ठिपक्यांपर्यंत गेल्या पाहिजेत. मजकूर असा:

```
2-12Ø (b)  TOP
8Ø-2L STIRRUPS (c)
3-16Ø (a)  BOTTOM
```

`Ø` साठी ऑटोकॅडमध्ये `%%c` टाइप करा. काही ऑफिसांत `T16`, काही ठिकाणी `#16` लिहितात. तुमच्या ऑफिसात जे चालतं ते वापरा, फक्त एका शीटवर दोन चिन्हं नकोत आणि फे ५०० ही ग्रेड नोट्समध्ये एकदा लिहा. कंसातला मार्क हा सगळ्यात महत्त्वाचा. `(a)` सेक्शनमध्ये जो गज, तोच एलिव्हेशनमध्ये, तोच बीबीएसच्या ओळीत. जुना फिटर सेक्शन बघून तोंडाने म्हणेल "पाच सुताचे तीन, चार सुताचे दोन", आणि तो बरोबरच वाचतोय. पण कोणता गज किती लांब आणि कुठे मुडपायचा, हे त्याला मार्कच सांगतो.

सेक्शनमध्ये रिंगचं अंतर लिहू नका. सेक्शन हा बीमचा एका जागचा काप आहे, त्यावर `@100` लिहिलं तर वाचणारा पूर्ण बीमला १०० धरतो, `@150` लिहिलं तर पूर्ण बीमला १५०. अंतर जातं एलिव्हेशनवर, बीमच्या वर डायमेन्शन लाइन टाकून तीन तुकड्यांत.

तिथे नग मोजताना बहुतेकांचं गणित सुटतं. पहिली रिंग भिंतीच्या आतल्या कडेपासून ५० वर. तिथून १०० च्या अंतराने जाताना ५०, १५०, २५० असं करत १०५० पर्यंत ११ रिंगा होतात. दुसऱ्या टोकालाही ११. आता मध्ये उरलं १०५० ते २९५०, म्हणजे १९००. याला १५० ने भागलं तर १२.६७, म्हणून १३ भाग करा. पण दोन्ही कडांच्या रिंगा आधीच मोजल्यात, म्हणून आतल्या नव्या रिंगा १२. एकूण ३४. भागाकार करून प्रत्येक पट्ट्यात "अधिक एक" करणारे ११, ११ आणि १५ मिळून ३७ काढतात, आणि मग साइटवर तीन रिंगा उरल्या की कुठे कमी बांधल्या म्हणून शोधाशोध सुरू होते. भिंतीवर टेकलेल्या भागात प्रत्येकी दोन रिंगा धरा, कारण तिथे बांधायला आधार लागतो. एका बीमच्या ३८ झाल्या. एलिव्हेशनवर मी अंतराबरोबर नगही लिहिते:

```
11-8Ø (c) @ 100 | 12-8Ø (c) EQ. SPACED, MAX 150 | 11-8Ø (c) @ 100
2-8Ø (c) IN EACH BEARING
```

मधला भाग समान विभागायचा, प्रत्यक्षात १४६ येतं. फिटर टेपवर १४६ शोधत बसत नाही, तो दोन कडांमध्ये १२ रिंगा वाटून घेतो.

आता खालचे गज. बीमची एकूण लांबी ४००० अधिक दोन भिंतींचे २३०, म्हणजे ४४६०. दोन्ही टोकांना २५ कव्हर सोडलं की गज ४४१०. सरळ टाकून चालेल का? साध्या आधाराच्या बीममध्ये खालचे निदान एक तृतीयांश गज आधाराच्या आत डेव्हलपमेंट लेंथच्या एक तृतीयांश इतके जायला हवेत. एम २५ आणि फे ५०० ला १६ च्या गजाची ही लांबी ७७७ येते, तिचा तिसरा भाग २५९. तुमच्याकडे भिंतीच्या आतल्या कडेपासून गजाच्या टोकापर्यंत २०५ च आहेत. म्हणून टोकाला वर वळवा, बाहेरून १५० चा पाय. हे डिझायनरच्या कागदावर नसेल तर त्यांना विचारून घ्या, पण विचारायचं तुम्हीच. ड्रॉइंग काढणाऱ्यालाच भिंत २३० ची आहे हे समोर दिसत असतं.

या गजाची कटिंग लेंथ ४४१० अधिक ३००, त्यातून दोन वळणांचे प्रत्येकी ३२ वजा, ४६४६. मी ४६५० लिहीन. वरचे १२ चे दोन गज रिंग धरून ठेवायला आहेत, ते सरळ ४४१०.

तिसरा मधला गज आधी तोडून लोखंड वाचवायचा विचार कुणी सुचवेल. एवढ्या बीममध्ये दोन-सव्वादोन किलो वाचतील, त्या बदल्यात एक मार्क वाढेल, एक सेक्शन वाढेल आणि आखूड गज एका बाजूला सरकून बांधला जाण्याची भीती राहील. मी तिन्ही शेवटपर्यंत नेते. त्यामुळे इथे एकच सेक्शन पुरतं.

बीबीएस आता जवळजवळ तयार आहे:

| मार्क | व्यास | आकार, बाहेरून बाहेर (मिमी) | एका बीमला | बीम | एकूण नग | कटिंग लेंथ (मिमी) | एकूण लांबी (मी) | वजन (किलो) |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| `a` | १६ | १५० वर, ४४१०, १५० वर | ३ | ४ | १२ | ४६५० | ५५.८० | ८८.२ |
| `b` | १२ | सरळ ४४१० | २ | ४ | ८ | ४४१० | ३५.२८ | ३१.३ |
| `c` | ८ | १८० × ४००, हूक १३५°, ७५ | ३८ | ४ | १५२ | १३१० | १९९.१२ | ७८.७ |

मीटरला वजन १६ चं १.५८ किलो, १२ चं ०.८८८ आणि ८ चं ०.३९५. सगळं मिळून सुमारे १९८ किलो. आकाराच्या रकान्यात नुसते आकडे न देता छोटी रेखाकृती काढा आणि मापं तिच्यावरच लिहा. "एका बीमला" आणि "बीम" हे रकाने वेगळे ठेवा. ते एकत्र गुणून टाकले की डिझायनरने उद्या पाचवा बीम वाढवला तर कुठला आकडा बदलायचा ते कळत नाही.

आणि १९८ किलो हा कापलेल्या लोखंडाचा आकडा आहे, मागवायचा नाही. १६ च्या एका सळईतून `a` चे दोनच तुकडे निघतात आणि २.७ मीटर उरतात. १२ तुकड्यांना सहा सळया, म्हणजे जवळजवळ ११४ किलो आणायचे, वापरायचे ८८. `b` ला चार सळया, `c` ला सतरा. उरलेले ते २.७ मीटरचे सहा तुकडे कुठे बसतील हे कापायच्या आधी बघा. त्याच मजल्यावर १६ चं काम असलेला छोटा बीम किंवा लिंटेल असेल, तर त्याचा गज याच तुकड्यांतून काढायचा, अशी टीप त्या ओळीसमोर लिहून ठेवा. नाहीतर फिटर समोर दिसेल ती नवी सळई घेतो.

ड्रॉइंग साइटवर पाठवण्याआधी एक प्रिंट काढा, पेन्सिल घ्या आणि बीबीएसची एक ओळ वाचून तो गज सेक्शनमध्ये आणि एलिव्हेशनमध्ये दोन्हीकडे खुणा करा. एखादी खूण एकाच जागी राहिली, तर तिथे काहीतरी सुटलंय.